स्तंभाखाली नुसते ‘२०२०’ नको, ‘२०२०-२१’ छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात पंधरा दिवसांच्या अंतराने भारताच्या जीडीपी वाढीचे दोन आलेख छापून आले. एक अर्थविषयक पानावर, दुसरा रविवारच्या पुरवणीत. दोन्हींत भारताचा एकच स्तंभ शून्याच्या रेघेखाली उतरलेला होता आणि त्यावर ५.८ टक्के घट असे लिहिले होते. पहिल्या आलेखात त्या स्तंभाखाली ‘२०२०’ होते, दुसऱ्यात ‘२०२१’. बारावी कॉमर्सला असलेली माझी भाची दोन्ही कात्रणे घेऊन आली. म्हणाली, “मावशी, आकडा एकच, मग साल दोन कशी? आणि लॉकडाऊन तर २०२० ला लागला होता, मग घसरण २०२१ ला का दाखवलीय?”

मी सहकारी बँकेच्या हिशेब विभागात एकतीस वर्षे काढली. ३१ मार्चच्या रात्री ताळेबंद जुळवण्यात गेलेल्या माणसाला हे कोडे पडत नाही, पण तिला पडले आणि ते पडणे अगदी योग्य होते. तिच्या प्रश्नाचे उत्तर आलेखात कुठेच नव्हते.

ती घट ना २०२० या सालाची आहे ना २०२१ या सालाची. ती १ एप्रिल २०२० ते ३१ मार्च २०२१ या बारा महिन्यांची आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय ती ‘२०२०-२१’ अशीच जाहीर करते. पुढे मात्र दोन वाटा फुटतात. आपल्याकडच्या बँका, कंपन्या आणि दलाली पेढ्या वर्षाला संपणाऱ्या सालाचे नाव देतात, म्हणून त्यांच्या अहवालात हेच वर्ष ‘एफवाय २१’ होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या तक्त्यांत भारताचे वर्ष सुरू होणाऱ्या सालाच्या रकान्यात बसते, म्हणून तिथे तोच आकडा ‘२०२०’ खाली दिसतो, आणि भारताचे आकडे आर्थिक वर्षाचे आहेत हे तळटिपेत सांगितलेले असते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. आलेख काढणाऱ्याने ‘एफवाय’ गाळले किंवा तळटीप सोडली की बिघडते. मग उरते नुसते साल, आणि वाचक ते साल जानेवारी ते डिसेंबर असेच वाचणार.

रविवारच्या आलेखात याचा परिणाम फारच खोल गेला होता. त्यात ‘२०२०’ या स्तंभावर बाण काढून ‘लॉकडाऊन’ असे लिहिले होते. त्या आलेखाची पद्धत संपणाऱ्या सालाची असल्याने तो स्तंभ होता २०१९-२० चा, म्हणजे ३.९ टक्के वाढीचा. देशभरचा लॉकडाऊन २५ मार्च २०२० ला सुरू झाला, म्हणजे त्या आर्थिक वर्षातले शेवटचे सात दिवस. बाकीचे जवळजवळ सगळे वर्ष त्याच्या आधीचे. बाण हवा होता त्या स्तंभाच्या उजव्या कडेला, पुढच्या स्तंभाशी तो जिथे भिडतो तिथे. बाण चुकल्यामुळे खालच्या मजकुरात वाक्य आले की लॉकडाऊनचा फटका अर्थव्यवस्थेला वर्षभर उशिरा बसला. प्रत्यक्षात तो पहिल्याच तिमाहीत बसला होता. एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत जीडीपी आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा २३.९ टक्क्यांनी घटल्याचा पहिला अंदाज ३१ ऑगस्ट २०२० रोजीच जाहीर झाला होता. एका चुकलेल्या सालाने कारण आणि परिणाम यांच्यात वर्षाचे अंतर निर्माण केले.

असा आलेख समोर आला की मी भाचीला एक खूण सांगितली आहे. भारताच्या जीडीपीच्या कोणत्याही मालिकेत आधी घसरणीचा स्तंभ शोधायचा. तो २०२० वर असेल तर आलेख सुरू होणाऱ्या सालाचा, २०२१ वर असेल तर संपणाऱ्या सालाचा. घसरणीच्या डावीकडे ३.९ आणि उजवीकडे ९.७ टक्के वाढ असते, ते २०१९-२० आणि २०२१-२२. हे आकडे सुधारित असल्याने जुन्या कात्रणात ५.८ ऐवजी ७.३ किंवा ६.६ ही दिसेल, पण स्तंभाची जागा बदलत नाही. ती जागा कळली की बाकी सगळे स्तंभ आपोआप आपल्या वर्षावर बसतात.

अर्थविषयक पानावरच्या आलेखात दुसरी अडचण होती. तिथे भारताशेजारी पाकिस्तान होता, दोघांच्या स्तंभांखाली ‘२०२०’. पाकिस्तानचे आर्थिक वर्ष जुलै ते जून असते आणि नाणेनिधीच्या तक्त्यात त्याला संपणाऱ्या सालाचे नाव मिळते. म्हणजे पाकिस्तानचे ‘२०२०’ हे जुलै २०१९ ते जून २०२०, आणि भारताचे ‘२०२०’ हे एप्रिल २०२० ते मार्च २०२१. या दोन बारा-बारा महिन्यांत सामाईक महिने किती? एप्रिल, मे आणि जून २०२०, एवढे तीनच. पाकिस्तानच्या स्तंभात साथ पोहोचण्याआधीचे आठ-नऊ महिने आहेत, भारताच्या स्तंभात तसा एकही नाही. त्यावरून ‘शेजाऱ्यापेक्षा आपली घसरण कितीतरी मोठी’ असे वाचकाने ठरवले तर दोष त्याचा नाही. ही तुलना करूच नये असे माझे म्हणणे नाही. पण प्रत्येक स्तंभाखाली त्या-त्या देशाचे बारा महिने लिहिले असते, तर वाचकाने स्वतःच हात आखडता घेतला असता.

यावर एक उपाय नेहमी सुचवला जातो, तो म्हणजे सगळे आकडे कॅलेंडर वर्षात बदलून घ्या. आमच्या बँकेत एक तरुण सहकारी हे घाऊक पद्धतीने करायचा. कॅलेंडर वर्षातले तीन महिने मागच्या आर्थिक वर्षाचे आणि नऊ महिने पुढच्या, म्हणून पाव हिस्सा मागचा आणि पाऊण हिस्सा पुढचा घ्यायचा. शांत वर्षांत हे चालून जाते. २०२० साठी मात्र काय होते ते पाहा. मी इथे ३१ मे २०२१ ला जाहीर झालेले आकडे घेते, कारण त्यात वर्ष आणि तिमाही दोन्ही एकाच वेळचे मिळतात. तेव्हा २०१९-२० ची वाढ ४ टक्के होती आणि २०२०-२१ ची घट ७.३ टक्के. चारचा पाव हिस्सा १, आणि उणे ७.३ चा पाऊण हिस्सा सुमारे उणे ५.५. बेरीज होते साडेचार टक्के घट.

आता तिमाहीने मोजू. जानेवारी ते मार्च २०२० मध्ये ३ टक्के वाढ, एप्रिल ते जूनमध्ये २४.४ टक्के घट (ऑगस्टमधला २३.९ चा अंदाज तोवर सुधारला होता), जुलै ते सप्टेंबरमध्ये ७.४ टक्के घट, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये अर्धा टक्का वाढ. चारही तिमाही साधारण सारख्या आकाराच्या धरून सरासरी काढली तर घट येते ७ टक्क्यांच्या आसपास. काटेकोर उत्तरासाठी टक्केवारी नव्हे, चारही तिमाहींच्या रुपयांतल्या रकमा बेरजेला घ्याव्या लागतात, पण एवढ्यानेही मुद्दा कळतो. साडेचार आणि सात यांतला फरक का पडला? कारण सगळी पडझड दोन तिमाहींत झाली आणि त्या दोन्ही पूर्णपणे २०२० सालात आहेत. पाव-पाऊणचा हिशेब मात्र वर्षाची घट बाराही महिन्यांत सारखी पसरली असे गृहीत धरतो आणि तिचा एक तुकडा २०२१ च्या जानेवारी-मार्चमध्ये ढकलतो. त्या तीन महिन्यांत तर १.६ टक्के वाढ होती. म्हणून तिमाही आकडे हाताशी नसतील तर वर्ष बदलायच्या फंदात पडू नये. आकडा ज्या वर्षाचा, त्याच वर्षाचे नाव त्याखाली लिहावे.

नाव लिहिताना एक अगदी साधी अडचण येते, ती सांगते, कारण आपल्या कलाविभागालाही ती भेटत असणार. एक्सेलमध्ये `2011-12` टाइप केले की तो डिसेंबर २०११ समजतो आणि चौकटीत `Dec-11` दिसू लागते. `2010-11` चा नोव्हेंबर होतो, `2009-10` चा ऑक्टोबर. `2012-13` पासून मात्र सगळे ठीक राहते, कारण तेरावा महिना नसतो. त्यामुळे लांब मालिकेत पहिली काही वर्षे महिने बनतात आणि पुढची वर्षे जशीच्या तशी राहतात. वैतागून माणूस सगळीकडे नुसते साल टाकतो, आणि मला वाटते की अर्ध्याअधिक नुसत्या सालांचा उगम इथेच आहे. टाइप करण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून घेतला, किंवा आकड्याआधी एक अवतरणचिन्ह टाकले, `'2011-12` असे, की हा त्रास संपतो.

जागा कमी पडते ही तक्रार खरी आहे. दहा स्तंभांखाली ‘२०२०-२१’ आडवे बसत नाही, मोबाइलवर तर नाहीच. तेव्हा ‘२०-२१’ लिहावे आणि शीर्षकाखाली ‘आर्थिक वर्ष, एप्रिल ते मार्च’ एवढी एक ओळ द्यावी. ज्या वर्षाचे बारा महिने भरलेले नाहीत, त्यावर वेगळी खूण हवी. रिझर्व्ह बँकेचे स्वतःचे हिशेबी वर्ष पूर्वी जुलै ते जून होते. ते सरकारी वर्षाशी जुळवताना तिचे २०२०-२१ हे वर्ष जुलै ते मार्च असे नऊ महिन्यांचेच झाले. तिने सरकारला दिलेल्या शिलकीच्या आलेखात त्या वर्षाचे ९९,१२२ कोटी हे नऊ महिन्यांचे आहेत, आणि ते स्तंभावरच लिहिलेले असले पाहिजे.

पावसाचे, रस्ते अपघातांचे किंवा गुन्ह्यांचे आकडे कॅलेंडर वर्षाचे असतात, तिथे नुसते सालच बरोबर. त्यांना आर्थिक वर्षाचा जोडशब्द लावला तर तीही तितकीच मोठी चूक होईल.

आपल्या संकेतस्थळावर ते दोन्ही आलेख अजून आहेत. पहिल्यात भारतासाठी ‘२०२०-२१’ आणि पाकिस्तानसाठी ‘२०१९-२०, जुलै ते जून’ एवढे करावे. दुसऱ्यातली सर्व साले जोडीने लिहून लॉकडाऊनचा बाण २०१९-२० आणि २०२०-२१ च्या मध्ये आणावा, आणि त्याखालचे ‘वर्षभर उशिरा’ हे वाक्य काढावे, ही विनंती. भाचीने दोन्ही कात्रणे प्रकल्पाच्या वहीत चिकटवली आहेत. दुरुस्त आलेख आले की ती बदलणार आहे.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली