साडेसहा सेकंद आले कुठून?

मा. संपादक महोदय,

लांब पल्ल्याच्या शर्यतींचे विक्रम धडाधड का मोडत आहेत, यावरचा लेख आपल्या क्रीडा पानावर वाचला. लेखकाने सगळा हिशेब बुटातल्या कार्बन प्लेटवर आणि 'चार टक्के' या आकड्यावर मिटवून टाकला आहे. आकडा खरा आहे, पण तो वेळेचा आकडा नाही, आणि लेखातला पुढचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी 18 धावपटूंना ट्रेडमिलवर पळवून त्यांच्या श्वासातल्या ऑक्सिजनवरून किती ऊर्जा खर्च होते ते मोजले. नायकेच्या नव्या बुटात तोच वेग टिकवायला सरासरी चार टक्के कमी ऊर्जा लागली. कोणाची बचत दोन टक्क्यांची, तर कोणाची सहाच्याही वर. पण ट्रेडमिलवर समोरून वारा नसतो. मोकळ्या रस्त्यावर वेग जसा वाढतो तसा ऊर्जेचा खर्च वेगापेक्षा जास्त चढतो. म्हणून अव्वल धावपटूंच्या वेगाला चार टक्के ऊर्जा वाचली, तर वेगात त्याचा साधारण दोन तृतीयांश भागच उतरतो.

आता हे मॅरेथॉनला लावून पाहा. डेनिस किमेटोने 2014 मध्ये बर्लिनला 2 तास 2 मिनिटे 57 सेकंदांचा विक्रम केला, तो आदिदासच्या आदिओस बूस्ट बुटांत. कोलोरॅडोतल्या प्रयोगात तुलनेला घेतलेला एक बूट त्याच मालिकेतला होता. हिशेबाने नव्या बुटांनी तीन मिनिटांहून जास्त वेळ कमी व्हायला हवा होता. प्रत्यक्षात नवे बूट घालून इलियुड किपचोगेने 2018 मध्ये बर्लिनलाच विक्रम मोडला तो 2 तास 1 मिनिट 39 सेकंदांत, म्हणजे 78 सेकंदांनी. टक्केवारीत जेमतेम एक. बुटांचा फायदा खोटा आहे असे यातून निघत नाही. पण प्रयोगशाळेतली सरासरी घड्याळातून सरळ वजा करता येत नाही, एवढे नक्की दिसते.

प्लेटबद्दलही एक गोष्ट. संशोधकांनी पुढे त्या बुटांची प्लेट आडव्या चिरा देऊन कमकुवत केली आणि पुन्हा मोजमाप घेतले. ऊर्जेचा खर्च जवळजवळ तेवढाच राहिला. खरी करामत जाड, हलक्या फोमची. पाऊल पडताना तो दबतो आणि दाबायला लागलेल्या ऊर्जेपैकी 87 टक्के परत देतो. त्याआधीच्या चांगल्या फोममध्ये हे प्रमाण 76 टक्के होते. छायाचित्रात प्लेट दाखवता येते, फोमचे लवचीकपण दाखवता येत नाही, म्हणून बातम्यांत प्लेटच गाजते.

ट्रॅकवरची गोष्ट मला जास्त रंजक वाटते, आणि लेखात ती एका ओळीत उरकली आहे. 2005 मध्ये केनेनिसा बेकेलेने ब्रसेल्सला 10,000 मीटर 26 मिनिटे 17.53 सेकंदांत पूर्ण केले. हा विक्रम पंधरा वर्षे टिकला. 7 ऑक्टोबर 2020 ला जोशुआ चेप्तेगेईने व्हॅलेन्सियात तो 26 मिनिटे 11 सेकंदांवर आणला. फरक 6.53 सेकंदांचा. पंचवीस फेऱ्यांत वाटला तर फेरीमागे पाव सेकंदाच्या थोडा वर.

चेप्तेगेईच्या पायांत नव्या फोमचे स्पाइक्स होते आणि ट्रॅकच्या आतल्या काठावर दिवे होते. ठरलेल्या वेगाने ते एकापाठोपाठ एक पेटत पुढे सरकतात. इथे वेग होता फेरीला सुमारे 62.8 सेकंद. धावपटूला मान वळवून घड्याळ बघावे लागत नाही, फेरी संपेपर्यंत वाट बघावी लागत नाही. आपण प्रकाशाच्या पुढे आहोत की मागे, हे प्रत्येक पावलाला कळते.

बेकेलेची धाव अनियमित होती, असे म्हणून हे श्रेय दिव्यांना देता येईल का? मला ते पटत नाही. त्याचे पहिले 5,000 मीटर 13 मिनिटे 9 सेकंदांत झाले, दुसरे 13 मिनिटे 8 सेकंदांत. याहून समतोल काय हवे! पण अर्ध्यांची बेरीज सारखी आली म्हणजे आतल्या फेऱ्याही सारख्या होत्या, असे होत नाही. या वेगाला शरीर आपल्या टिकाऊ मर्यादेच्या किंचित वर चालत असते आणि वरचा खर्च एका छोट्या, मोजक्या साठ्यातून होतो. एक फेरी सेकंदाने जास्त वेगात गेली की साठा झपाट्याने घटतो. पुढची सेकंदाने हळू घेतली तरी तेवढा भरून येत नाही. वेग राखून देण्यासाठी पुढे धावणारा पेसर बाजूला झाल्यावर एकट्याने धावताना हे चढउतार नकळत होतात. दिवे तेच थांबवतात. चेप्तेगेईचे दुसरे 5,000 मीटर 13 मिनिटे 3 सेकंदांत झाले, पहिल्यापेक्षा चार सेकंदांनी जलद, आणि तेही पेसर निघून गेल्यावर.

दिव्यांची मर्यादाही सांगायला हवी. ते वारा अडवत नाहीत. ते काम पुढे धावणारे शरीरच करते. म्हणून 2019 मध्ये व्हिएन्नात किपचोगेने 1 तास 59 मिनिटे 40 सेकंद नोंदवले तेव्हा आळीपाळीने बदलणाऱ्या पेसरांची भिंत त्याच्याभोवती होती. शर्यतीच्या नियमांत हे बसत नसल्याने तो विक्रम धरला गेला नाही.

दिवे काढले तर काय उरते, हे 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकने दाखवले. तिथे दिवे नव्हते, नेमलेले पेसरही नव्हते. चेप्तेगेईने 10,000 मीटर 26 मिनिटे 43.14 सेकंदांत जिंकले, आणि बेकेलेचा 2008 चा ऑलिंपिक विक्रम, 27 मिनिटे 1.17 सेकंद, एकाच शर्यतीत तेरा जणांनी मोडला. एकटा विलक्षण धावपटू पुढे गेला तर कारण त्याच्यात शोधता येते. तेरा जण एकदम पुढे गेले, तर सगळ्यांना मिळालेल्या कशात तरी ते असणार. इथे मी बुटांकडेच बोट दाखवीन, आणि अर्धे श्रेय सरावाला देईन.

सरावाचा भाग मोजायला सर्वांत अवघड आहे. नॉर्वेच्या पद्धतीत एकाच दिवशी दोन मध्यम तीव्रतेचे सराव घेतात आणि मध्येमध्ये रक्ताच्या थेंबातले, श्रमाबरोबर वाढणारे लॅक्टेट तपासून धावपटूला ठरलेल्या पातळीवर रोखतात. नॉर्वेचा ऑलिंपिक विजेता धावपटू याकोब इंगेब्रिग्टसेन याच घडणीतला. शिवाय नव्या फोममुळे दुसऱ्या दिवशी पाय कमी दुखतात, असे धावपटू सांगतात. हे खरे असेल तर बूट शर्यतीतच नव्हे, महिनोन्‌महिने सरावातही कामाला येत असतो, आणि मग 'बुटाचा वाटा' व 'सरावाचा वाटा' वेगळे काढण्याची सोयच उरत नाही.

जागतिक अॅथलेटिक्सने रस्त्यासाठी तळव्याची जाडी 40 मिलिमीटरवर आणि नोव्हेंबर 2024 पासून ट्रॅकसाठी 20 मिलिमीटरवर बांधली आहे. म्हणजे पुढची तुलना थोडी सोपी होईल. आपल्याला एकच विनंती: विक्रमाची बातमी छापताना वेळेशेजारी दिवे होते की नाही, पेसर किती अंतरापर्यंत होते आणि पायांत कोणता बूट होता, एवढे तरी द्यावे. वृत्तसंस्थांच्या मजकुरात ही माहिती बहुतेक वेळा असते. आपल्या पानावर येईपर्यंत ती कापली जाते.

आपला,
क्रीडा पानाचा एक जुना वाचक