एक ‘मी’, दोन रकाने

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. शेवटच्या ओळीत तू विचारलंस, “‘मी गेलो’ आणि ‘मी चिठ्ठी लिहिली’ यांतला ‘मी’ एकच की दोन?” त्या प्रश्नाने चार दिवस माझी पाठ सोडली नाही. एकच रूप विभक्तीच्या तक्त्यातले दोन-तीन रकाने सांभाळतं, त्याला भाषाशास्त्रात सिन्क्रेटिझम म्हणतात. नाव सोपं आहे. अवघड आहे ते रकाने खरोखर दोन आहेत हे ओळखणं.

‘तो’ घेतला तर शंकाच उरत नाही. ‘तो गेला’, पण ‘त्याने चिठ्ठी लिहिली’. म्हणजे मराठीला या दोन जागा वेगळ्या दिसतात. पण त्यावरून ‘मी’लाही त्या दिसतात असं म्हणता येईल का? तुझा आक्षेप नेमका हाच होता, आणि तो रास्त आहे. ‘तो’ची रूपं पाहून ‘मी’चे रकाने मोजायचे, हा फक्त शेजाऱ्याचा पुरावा झाला.

म्हणून ‘मी’ बाजूला ठेव आणि त्याचं अनेकवचन घे. ‘आम्ही’ही दोन्हीकडे तसाच राहतो: ‘आम्ही गेलो’, ‘आम्ही चिठ्ठी लिहिली’. आता त्याला एक नाम चिकटव. ‘आम्ही मुले गेलो’ असं आपण म्हणतो. मग ‘आम्ही मुले चिठ्ठी लिहिली’ म्हणून बघ. जीभ अडखळते ना? तिथे ‘आम्ही मुलांनी चिठ्ठी लिहिली’ असंच यावं लागतं. ‘आम्ही’ जागचा हलला नाही, पण ‘मुलांनी’ने चुगली केली. ‘आम्ही’च्या अंगावर जी तृतीया दिसत नाही, ती शेजारच्या शब्दावर उमटली. एरवी तो ‘नी’ कुठून येणार? म्हणजे रकाने दोन आहेत, ‘आम्ही’च्याच वाक्यात आहेत, फक्त रूप एक आहे. ‘मी’चंही तेच असणार. जुन्या मराठीत तर ‘म्यां’ आणि ‘त्वां’ अशी तृतीयेची निराळी रूपं होतीच.

इथे एक खड्डा आहे, मी त्यात पडलो होतो. आधी मी ‘मी एकटा गेलो’ आणि ‘मी एकट्याने चिठ्ठी लिहिली’ ही जोडी घेतली आणि खूश झालो. मग लक्षात आलं की ‘मी एकट्याने राहतो’ हेही सर्रास म्हणतात, आणि तिथे कर्त्याला तृतीया नाही. तो ‘एकट्याने’ क्रियाविशेषण आहे, राहण्याची रीत सांगतो. तेव्हा साक्षीदार असा निवडायचा की ज्याला दुसरं काही काम नाही. ‘आम्ही मुलांनी राहतो’ कुणीच म्हणत नाही, म्हणून ‘मुलांनी’ची साक्ष ग्राह्य.

आता संस्कृतकडे चल, कारण तिथे हा प्रश्न पाणिनीने फार सुंदर रीतीने हाताळला आहे. त्याच्या एकवीस विभक्तिप्रत्ययांच्या सूत्रात ‘भ्याम्’ तीनदा येतो: तृतीया, चतुर्थी आणि पंचमी यांच्या द्विवचनासाठी. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो असं आपल्याकडे म्हणतात. त्याच परंपरेच्या मूळपुरुषाने तोच प्रत्यय तीनदा उच्चारला! रूप एक असलं तरी जागा तीन आहेत, हे त्याला सोडायचं नव्हतं. त्याहून मला आवडतात ते चार प्रत्यय: जस्, शस्, ङसि, ङस्. पहिला प्रथमेच्या अनेकवचनाचा, दुसरा द्वितीयेच्या अनेकवचनाचा, तिसरा पंचमीच्या आणि चौथा षष्ठीच्या एकवचनाचा. ओळखीसाठी लावलेली अक्षरं काढून टाक, चौघांचं उरतं फक्त ‘अस्’.

आता हे चार रकाने वेगवेगळ्या शब्दांत भरून बघ. ‘मरुत्’मध्ये चारही ठिकाणी ‘मरुतः’. ‘राजन्’मध्ये पहिलं ‘राजानः’, उरलेल्या तिन्हींत ‘राज्ञः’. ‘हरि’मध्ये ‘हरयः’, ‘हरीन्’, आणि शेवटच्या दोन्हींत ‘हरेः’. ‘राम’मध्ये मात्र ‘रामाः’, ‘रामान्’, ‘रामात्’, ‘रामस्य’, चारही निराळी. रकाने तेच, आणि रूपं अनुक्रमे एक, दोन, तीन, चार! हा जिना पहिल्यांदा दिसला तेव्हा मी वही मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो. एकट्या ‘मरुत्’वरून कुणी तक्ता मांडला असता तर त्याला हे चार रकाने सापडलेच नसते.

पण या जिन्यावरची सगळी साम्यं एका तोलाची नाहीत, आणि मला वाटतं खरी गंमत इथेच आहे. पंचमी आणि षष्ठीची जोडी घे. ‘हरेः’, ‘गुरोः’, ‘नद्याः’, ‘पितुः’, ‘मरुतः’: शेवट दर वेळी बदलतो, तरी एकवचनात, ‘राम’सारखे शब्द वगळले तर, दोन्ही विभक्ती एकमेकींचा हात सोडत नाहीत. रूप बदलूनही जे साम्य टिकतं ते रचनेतलं साम्य. आता प्रथमेचं अनेकवचन आणि षष्ठीचं एकवचन बघ. ‘मरुतः’मध्ये ती एक झाली, पण ‘हरयः’ आणि ‘हरेः’ वेगळी, ‘गुरवः’ आणि ‘गुरोः’ वेगळी, ‘नद्यः’ आणि ‘नद्याः’ वेगळी. म्हणजे ‘मरुतः’मधली त्यांची भेट ध्वनींच्या योगायोगाने झालेली, त्यामागे व्याकरणाचा करार नाही. एकाच शब्दाकडे टक लावून हा फरक कधीच कळत नाही. शब्द बदलून पाहावा लागतो.

हीच कसोटी मी आपल्या शाळेतल्या तक्त्याला लावली. आठवतं ना, द्वितीयेला ‘स, ला, ते’ आणि चतुर्थीलाही ‘स, ला, ते’? आपण ते दोनदा घोकायचो. ‘रामाला पाहिले’ आणि ‘रामाला पुस्तक दिले’ यांत या दोघींना वेगळं करणारा एक तरी शब्द शोध. सर्वनामांत नाही, नामांत नाही, आणि शेजारचा शब्दही मदत करत नाही: ‘त्या धाकट्या मुलाला’ दोन्हीकडे सारखंच. संस्कृतात निदान ‘रामम्’ आणि ‘रामाय’ होते; मराठीत ‘राम’सारखा साक्षीदारच नाही. म्हणून मला वाटतं, ते दोन रकाने मराठीतून निघालेले नाहीत, संस्कृतच्या तक्त्यातून आलेले आहेत.

तरीही एक गोष्ट मला पुरतं ठाम होऊ देत नाही. ‘मी दगड पाहिला’ यात दगडाला ‘ला’ लागत नाही, पण ‘मी मुलाला पाहिले’ यात लागतो. देण्याच्या वाक्यात मात्र अशी सूट नाही. ‘दगडाला रंग दिला’ असंच म्हणावं लागतं. म्हणजे कर्माचं स्वतःचं रूप एकही नाही, ते कधी प्रथमेकडून उसनं घेतं, कधी चतुर्थीकडून. पण कधी कुणाकडून घ्यायचं, ही निवड मात्र त्याची एकट्याची आहे. ज्याच्याकडे स्वतःचं एकही रूप नाही पण उसनवारीची स्वतःची रीत आहे, त्याला रकाना द्यायचा की नाही? मी आज ‘नाही’कडे झुकलोय. तू ‘दे’ म्हणणार असशील तर मला वाक्यांसकट लिही.

तुझा,
माधव