रात्री दोन वाजता जागं होणारं बाळ

प्रिय लेकी,

तुम्ही संस्थेतून दत्तक घेतलेला छोटू रात्री दोनला जागा होतो, पण रडत नाही, नुसता टक्क डोळे उघडे ठेवून पडून राहतो, असं तू लिहिलंस. मला रडण्यापेक्षा याचीच जास्त काळजी वाटते. हाक मारूनही कुणी येत नाही, हे अंगवळणी पडलेली मुलं अशी गप्प राहतात. म्हणून 'झोपेल आपोआप' म्हणून सोडून देऊ नकोस. जवळ जा, पाठीवर हात ठेव, रोजचंच एक वाक्य हळू आवाजात म्हण: "आई इथेच आहे." काही आठवड्यांनी तो मोठ्यानं रडून तुला बोलावू लागला, तर तो बिघडला असं समजू नकोस. रडलं की आई येते, हे त्याला कळू लागलंय. एकटं रडू देऊन झोपायची सवय लावणं त्याच्यासाठी नाहीच. त्याला आधीच ठाऊक असलेलं तेच पुन्हा शिकवल्यासारखं होईल.

झोपायच्या आधीचा अर्धा तास रोज एकाच क्रमानं जाऊ दे: अंघोळ, दूध, दात, एकच पुस्तक, मंद दिवा. सुरुवातीचे काही आठवडे हे सगळं तूच कर. जावईबापूंनी आधी नुसतं शेजारी बसावं, मग पुस्तक वाचावं. त्याच्यासोबत आलेली चादर एवढ्यात धुऊ नकोस, तिच्या वासाचाही त्याला आधार आहे.

आता तुझी गादी त्याच्या गादीला लागूनच ठेव. आठवडाभर तो वीसेक मिनिटांत झोपू लागला, की ती हातभर लांब सरकव आणि पाच-सहा रात्री तिथेच राहू दे. एकदा उठणारा तीनदा उठू लागला, तर घाई झाली असं समज आणि गादी मागच्या जागी आण.

खोलीबाहेर जायचं असेल तर तो झोपल्यावर गुपचूप सटकू नकोस. जाग आल्यावर तू दिसली नाहीस, तर पुढच्या रात्री तो डोळेच मिटणार नाही. जागा असतानाच सांग, "पाणी पिऊन येते," आणि तीस सेकंदांत, त्यानं हाक मारायच्या आत परत ये. सगळी गोम या परत येण्यात आहे. तीन-चार रात्री हे नीट जमलं की एक मिनिट, मग दोन. मध्येच रडला तर वेळ जास्त झाला. तो निम्म्यावर आण.

दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून अकरा ते चौदा तास झोप लागते. दुपारची झोप लांबली, तर रात्रीचा सगळा क्रम फुकट जातो. साडेतीननंतर झोपू देऊ नकोस.

घोरणं, झोपेत श्वास अडकणं किंवा सारखे पाय झाडणं दिसलं, तर डॉक्टरांना दाखव. पाय झाडण्यामागे कधी कधी लोह कमी असतं, ते रक्त तपासल्यावर कळतं.

आठवडाभर किती वाजता झोपला आणि कितीदा उठला एवढंच वहीत टिपून मला कळव. मग गादी केव्हा सरकवायची ते ठरवू.

तुझी आई