फुगे घेताना थीम नको, रंग बघ

इंदूर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

वडोदऱ्यातली तुझी सजावटीची पहिली ऑर्डर बाळाच्या वाढदिवसाची, जंगल थीमची, आणि त्यासाठी तू वाघ-हत्ती छापलेले फुगे होलसेलमध्ये घ्यायचं म्हणतेस. ते घेऊ नकोस. प्रत्येक मुलाची थीम वेगळी निघते, त्यामुळे उरलेला छापील माल पडून राहतो. जुन्या रबराला ताण सोसत नाही, मग फुगे पंपावरच फुटायला लागतात. साठा करायचा तो रंगांचा. पांढरा, बेज आणि सोनेरी क्रोम जंगलालाही चालतात, परीलाही. जंगल दिसायला हिरव्याच्या दोन छटा, पुठ्ठ्याचे प्राणी आणि थोडी खरी पानं पुरतात.

इथे राणीपुऱ्याच्या बाजारात मी एका ऑर्डरचा एक रंग एकाच लॉटमधून घेते. दोन लॉटच्या हिरव्यातला फरक पाकिटात कळत नाही, भिंतीवर लगेच कळतो. शंका आली तर दुकानातच एकेक फुगवून शेजारी धर.

दहा फुटी माळेला साधारण शंभर ते एकशेवीस फुगे धर. त्यात दहा इंची जास्त, भोकं बुजवायला पाच इंची तीस-चाळीस आणि अठरा इंची चार-पाच. वर दहा टक्के फुटण्यासाठी. फिका रंग भरीव दिसावा म्हणून एकात एक दोन फुगे घालणार असशील, तर त्या रंगाचे दुप्पट लागतील. भाव सांगण्याआधी हा हिशेब कर.

कार्यक्रम गच्चीवर आहे का, हे आधीच विचार. उन्हात फुग्यांची चमक जाऊन ते धुरकट होतात, आणि आतली हवा तापून फुगली की गडद रंगाचे आधी फुटतात. म्हणून थोडी कमी हवा भर. फुगा गोल दिसला पाहिजे. तोंडाकडे नासपतीसारखा लांबट झाला तर हवा जास्त झाली. माळ ऊन उतरल्यावरच लाव.

आता ग्रुपचं. आयांच्या ग्रुपवर रोज जाहिरात टाकलीस तर ॲडमिन काढून टाकेल. कोणी 'डेकोरेशनवाली सांगा' म्हणाली की तुझ्या हातचा एक फोटो, माळेची लांबी आणि दर एवढंच पाठव. इंटरनेटवरचा फोटो मुळीच नको; तिला हुबेहूब तेच हवं असतं. तिथे सगळ्या एकमेकींना दर विचारतात, तेव्हा फुटाचा दर सगळ्यांना एकच ठेव. कमी बजेटवालीला लांबी कमी करून दे. ॲडव्हान्स आल्याशिवाय कटआउट छापायला टाकू नकोस. आणि ऑर्डर देणाऱ्या आईलाच म्हण, 'ताई, उद्या फोटो ग्रुपवर टाकाल का?' तुझ्या दहा मेसेजपेक्षा तिच्या एका फोटोवरून जास्त विचारणा होते.

बाळ वर्षाचं आहे, तेव्हा माळ त्याच्या हाताला लागणार नाही इतकी उंच बांध. फुटलेल्या रबराचे तुकडे लगेच वेचून घे. तोंडात गेले तर घशात अडकतात. त्याच्या आईलाही हे सांगून ठेव.

रविवारी मी राणीपुऱ्यात जाणार आहे. पांढरे आणि बेज किती पाकिटं हवीत ते शनिवारपर्यंत कळव.

तुझी,
आई