तक्रार: तुमच्या सिंकने दोन वेगळे पेशंट एक करून टाकले

प्रति,
सपोर्ट टीम आणि सिंकचं काम बघणारे डेव्हलपर

नमस्कार,

माझं कोथरूडला मेडिकल आहे. काउंटरचं बिलिंग तुमच्या सॉफ्टवेअरवर आणि होम डिलिव्हरीच्या ऑर्डर तुमच्याच ॲपवर, आणि रोज रात्री दोन्हीकडचे कस्टमर सिंक होतात. गेल्या महिन्यातल्या अपडेटपासून हे सिंक डुप्लिकेट कस्टमर आपोआप मर्ज करतं, आणि त्याबद्दलच ही तक्रार आहे. खालच्या दोन एंट्री बघा (नावं आणि बिल्डिंग बदललीये, बाकी तसंच आहे):

```
Sunil Patil   Flat 302 Saikrupa Apartment Kothrud Pune 411038
Sushil Patil  Flat 203 Saikrupa Apartment Kothrud Pune 411038
```

ही दोन वेगळी माणसं आहेत, एकमेकांचे नातेवाईकही नाहीत. तुमच्या सिंकने त्यांचं एकच खातं केलं, दोघांची उधारी एकत्र झाली आणि ३०२ वाल्यांची रक्त पातळ करायची गोळी रिफिलमध्ये २०३ ला गेली. त्यांनी पाकीट उघडून बघितलं आणि लगेच फोन केला म्हणून निभावलं. घरात एखादी वयस्कर व्यक्ती एकटी असती आणि मेडिकलवाल्याने पाठवलंय म्हणजे बरोबरच असेल म्हणून गोळी घेतली असती तर?

हे का झालं ते मी हिशोब करून बघितलं. तुम्ही किती अक्षरं बदलली की एक मजकूर दुसऱ्यासारखा होतो ते मोजता. पत्ता ४७ अक्षरांचा, फरक फक्त २ अक्षरांचा, म्हणजे साधारण ९६ टक्के सारखा. नावात १२ पैकी २, म्हणजे ८३ टक्के. सरासरी ८९ च्या वर जाते आणि तुमची मर्यादा ८५, झालं मर्ज. पण जी २ अक्षरं वेगळी आहेत तीच तर फ्लॅटचा नंबर आहे ना! बाकीचा पत्ता बिल्डिंगमधल्या सगळ्यांचा सारखाच असणार, त्याला एवढे मार्क देऊन काय कळणार. आणि पाटील आडनाव जुळलं यालाही आपल्याकडे फार अर्थ नाही, एखादं दुर्मिळ आडनाव जुळलं तर गोष्ट वेगळी.

तुमच्या सपोर्टने सांगितलं मर्यादा ९५ करा. त्याने उलटं नुकसान होतं. माझ्याकडे Laxmi Kulkarni आणि Kulkarni Lakshmi या एकच बाई आहेत, आडनाव मागे घेऊन जुळवलं तरी नाव ८१ टक्केच जुळतं, त्यात एकीकडे पत्ता 'विठ्ठल मंदिराजवळ' असा मराठीत आणि दुसरीकडे Nr Vithal Mandir, त्यामुळे खरे डुप्लिकेट ८५ ला पण मर्ज होत नाहीत, ९५ ला काय होणार. मोबाईल नंबरवर जुळवा हाही उपाय नाही कारण आईवडील दोघांच्या खात्यावर मुलाचाच नंबर असतो आणि औषधं दोघांची वेगळी.

करायला काय हवं तर आधी पत्त्यातून फ्लॅट नंबर आणि पिनकोड वेगळे काढा. दोन्हीकडे फ्लॅट नंबर आहे आणि तो वेगळा आहे, तर स्कोअर कितीही येऊ दे, आपोआप मर्ज नाही. नावाचे शब्द कुठल्याही क्रमाने जुळवा, मराठी अक्षरं आणि इंग्रजी स्पेलिंग एका साच्यात आणून मग मोजा. आणि जे मधल्या स्कोअरचे आहेत ते मला यादीत दाखवा, मी माझे कस्टमर ओळखतो, मी ठरवीन. दोन घरांची औषधं मिसळण्यापेक्षा यादीत थोडे डुप्लिकेट राहिलेले मला चालतील.

पण सगळ्यात मोठा राग याचा आहे की मर्ज मागे घेता येत नाही. तुम्ही एक आयडी ठेवता आणि दुसरा उडवता, मग जुनी बिलं कुणाची होती ते शोधायचं कसं? मी हाताने दोघांची खाती परत वेगळी केली तर त्याच रात्रीच्या सिंकने पुन्हा एक केली, कारण 'हे दोघं वेगळे आहेत' हे मी सांगितलेलं तुमच्याकडे कुठेच साठत नाही. मूळ रेकॉर्ड दोन्ही तसेच ठेवून फक्त जोडणी केली असती तर ती तोडून खातं पूर्ववत झालं असतं.

म्हणून माझी मागणी अशी, की माझ्या अकाउंटला आपोआप मर्ज आजच बंद करा. अपडेटनंतर मर्ज झालेल्या प्रत्येक जोडीची यादी दोन्ही जुन्या आयडी आणि स्कोअरसकट पाठवा, आणि अपडेटच्या आदल्या दिवशीच्या बॅकअपमधून उडवलेले कस्टमर परत आणा, पण नंतरची बिलं पुसू नका. ती कुणाच्या नावावर टाकायची ते मी दुकानातल्या प्रिस्क्रिप्शनच्या कॉप्या बघून सांगतो. यादी येईपर्यंत रिफिलच्या ऑर्डर मी वहीवर घेतोय आणि प्रत्येक घरी फोन करून खात्री करतोय, त्यामुळे या महिन्याचं सिंकचं भाडं मी भरणार नाही.

कळावे,
तुमचा ग्राहक, कोथरूड, पुणे