ओढणीवरचा लिपस्टिकचा डाग

चि. मधुरास अनेक आशीर्वाद,

काल फोनवर तू रडवेली झालीस, म्हणून सविस्तर लिहिते. ओढणी अजून पाण्यात घातली नसशील तर फार बरं. लिपस्टिक म्हणजे मेण, तेल आणि रंग. नुसत्या पाण्याने मेण हलत नाही, चोळलं की रंग पसरतो, आणि गरम पाण्याने मेण वितळून धाग्यात मुरतं. म्हणून आधी चिकटपणा काढायचा, रंगाचं नंतर बघायचं.

वर थर असेल तो चमच्याच्या कडेने अलगद खरवड. मग जुना पांढरा सुती रुमाल पसरून त्यावर ओढणी पालथी घाल, डागाची बाजू खाली. आता मागच्या बाजूने भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून बोटाने टिपत राहा. रंग खालच्या रुमालावर उतरताना दिसेल. रुमालाची जागा दर वेळी बदल, नाहीतर उतरलेला रंग परत वर चढतो. दहा मिनिटांनी गार पाण्याखाली मागूनच धार सोड.

एवढं करून फिकट गुलाबी छटा उरली, तर तो नुसता रंग. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट कापसावर घेऊन तसंच मागून टिप. खिडकी उघडी ठेव, जवळ गॅस पेटलेला नको. तुझी ओढणी क्रीम रंगाची सुती आहे, पण काठ रंगीत आहे ना? आधी काठाच्या आतल्या कोपऱ्यावर स्पिरिट लावून बघ. कापसाला काठाचा रंग लागला तर स्पिरिट काठापर्यंत जाऊ देऊ नकोस. बांधणी असती तर मी स्पिरिटला हातही लावू दिला नसता.

ब्लाउजच्या गळ्यावरचं फाउंडेशनही याच लिक्विडने निघेल. दादाच्या शर्टाच्या कॉलरचंही तसंच, फक्त तिथे घामाचा थर असतो म्हणून मऊ ब्रशने दोनदा करावं लागतं.

काजळाची गोष्ट वेगळी. त्यातला काळा रंग म्हणजे काजळीचे बारीक कण. ते कशात विरघळत नाहीत, ब्लीचनेही जात नाहीत, ते उचलूनच काढावे लागतात. कोरडं असतानाच सेलोटेप हलकेच दाबून उचल, मग खोबरेल तेलाचा एक थेंब, मग लिक्विड. तेल राहिलं तर त्याचाच डाग होईल, तेव्हा लिक्विडने नीट धू. रेशमी ब्लाउजवर यातलं काहीच करू नकोस, ड्रायक्लीनला देताना डाग कशाचा ते सांग.

माझा एक पांढरा ब्लाउज ओला असताना साफ दिसला, मी घाईने इस्त्री फिरवली आणि गळ्याशी पिवळट डाग कायमचा बसला. तू ओढणी सावलीत वाळव, दिवसाउजेडी खिडकीशी धरून बघ. छटा दिसली तर पुन्हा पहिल्यापासून कर. इस्त्री त्यानंतरच.

झाल्यावर फोटो पाठव.

तुझी,
आई