कॅमेरा झाकला, माइकचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर सरकते झाकण बसवा, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. सल्ला योग्यच आहे. मात्र तेवढ्याने खासगीपण जपले गेले असा समज होणे मला धोक्याचे वाटते.

कॅमेऱ्याशेजारचा दिवा पेटला नाही म्हणजे चित्रण चालू नाही, यावर अनेकांचा भरवसा असतो. २०१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ च्या सुमाराच्या मॅकबुकवर तो खोटा ठरवला. त्यात दिवा चित्र टिपणाऱ्या सेन्सरच्या ‘स्टँडबाय’ तारेला, म्हणजे सेन्सरला थांबण्याचा इशारा देणाऱ्या तारेला, जोडलेला होता. त्यांनी कॅमेऱ्याचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतले सॉफ्टवेअर, बदलून सेन्सरला तो इशारा दुर्लक्षित करायला लावले. दिवा विझलेला आणि चित्रण सुरू! अशा वेळी झाकण उपयोगी पडते, कारण प्लास्टिकच्या आडून चित्र घेता येत नाही, मग सॉफ्टवेअर कोणाच्याही ताब्यात असो.

माइकला मात्र असे झाकण नाही. पट्टी लावली तरी आवाज थोडा दबतो, इतकेच. हेडफोनच्या छिद्रात रिकामा प्लग घालण्याची युक्तीही कामाची नाही. प्लग बसल्याची नोंद घेऊन कोणता माइक वापरायचा हे बहुधा ड्रायव्हर नावाचे सॉफ्टवेअर ठरवते, आणि लॅपटॉपवर ताबा मिळवलेला घुसखोर तो निर्णय फिरवू शकतो. कीबोर्डवरच्या म्यूट बटणाचेही बहुतेक ठिकाणी तसेच. मीटिंगमध्ये चुकून आवाज जाऊ नये यासाठी ते उत्तम, पण सॉफ्टवेअरने बंद केलेले सॉफ्टवेअरने चालूही करता येते.

माइकचा विद्युतप्रवाह किंवा जोडणीच तोडणारा स्विच असेल तरच खात्री देता येते. टी२ ही सुरक्षा चिप किंवा अ‍ॅपलची स्वतःची मुख्य चिप असलेल्या मॅकबुकमध्ये लॅपटॉपचे झाकण मिटताच माइक हार्डवेअरनेच तुटतो, पण काम करताना लॅपटॉप उघडाच असतो.

काही लॅपटॉपमध्ये कॅमेरा बंद करण्याचाही स्विच असतो; आपल्या यंत्रातील तो स्विच कसा आहे, याचा अंदाज घरीच घेता येतो. विंडोजमध्ये Device Manager उघडून Cameras खालची नोंद पाहावी आणि स्विच सरकवावा. नोंदच नाहीशी झाली, तर कॅमेरा यंत्रापासून तुटला असे समजायला हरकत नाही. नोंद तशीच राहून चित्र फक्त काळे झाले आणि भिंगावर झाकणही आलेले नसेल, तर स्विचवर विसंबू नये. माइकबाबत मात्र ही परीक्षा पुरेशी नाही; रेकॉर्डिंगमध्ये शांतता मिळाली तरी ती तार तुटल्यामुळे की नुसत्या म्यूटमुळे, हे बाहेरून कळत नाही.

म्हणून उत्पादकांनी तांत्रिक माहितीपत्रकात ‘माइक बंद’ या बटणापुढे ते जोडणी तोडते की केवळ आज्ञा देते, हे स्पष्ट छापावे. आपल्या वृत्तपत्रानेही लॅपटॉपची परीक्षणे छापताना हा प्रश्न कंपन्यांना विचारावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक